गौरी-गणपतीची आरास घरच्याच भांड्यांत : डबे कसे रचायचे, घंगाळात दिवे कसे लावायचे?

गौरी-गणपती तोंडावर आले की तालुक्याच्या बाजारात मखरं, प्लास्टिकच्या माळा आणि तयार स्टँड दिसू लागतात. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तरी दरवर्षी काही ना काही नवं विकत घेतलं जातंच. खरं तर माळ्यावरचं पितळी घंगाळ, तांब्या, परात आणि स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे एवढ्यावर चांगली आरास होते. फक्त ती कलंडू नये, पेटू नये आणि दुसऱ्या दिवशी कळकट दिसू नये, यासाठी थोडी काळजी घ्यावी लागते.

आधी बैठक पक्की करा

मराठवाडा-विदर्भात महालक्ष्म्या धान्य भरलेल्या कोठ्यांवर उभ्या करतात. त्यामागे सोय आहे. रिकामा डबा हलका असतो, वर मुखवटा आणि साडीचा भार आला की तो डुलतो. तोच डबा गहू किंवा ज्वारीने भरला की जागचा हलत नाही. आराशीच्या पायऱ्यांसाठीही हाच नियम पाळा. मोठा भरलेला डबा खाली, त्याहून लहान वर, अशी उतरंड रचा. फरशीवर स्टील सरकतं, म्हणून खाली पोतं किंवा जाड सुती कापड घाला. दोन डब्यांच्या मध्येही कापडाची घडी ठेवा. रचून झाल्यावर वरच्या डब्याला बोटाने हलकंच ढकलून बघा. डुलला तर एक थर कमी करा.

घंगाळातले दिवे

समजा घंगाळाचं तोंड दीड फुटाचं आहे. त्यात काठापासून तीन बोटं खाली राहील इतकं पाणी भरायचं. मातीची पणती पाण्यात तरंगत नाही, म्हणून तिला आत आधार लागतो. बरेच जण स्टीलचा ग्लास पालथा घालतात. पण आत हवा अडकते आणि ग्लास डुचमळतो, मग पणती कलंडते. त्यापेक्षा सारख्या उंचीचे तीन छोटे डबे घ्या, त्यात वाळू भरा, झाकण लावा आणि सुलटेच ठेवा. तांदूळ भरू नका, पाणी आत गेलं तर ते फुगतात. झाकण पाण्याच्या वर बोटभर तरी राहिलं पाहिजे. पणतीखाली कणकेचा छोटा गोळा दाबून बसवा, म्हणजे ती हलणार नाही.

मग झेंडूची फुलं देठ काढून पाण्यावर सोडा, मध्ये शेवंतीच्या पाकळ्या पसरा. पाव किलो झेंडू पुरतो. मागे स्टीलचं मोठं ताट भिंतीला टेकवून उभं केलं की ज्योतीचा उजेड त्यावरून परत येतो आणि दोन-तीन पणत्यांतच कोपरा उजळतो. ताट घसरू नये म्हणून पायाशी भरलेला तांब्या ठेवा.

घंगाळाच्या काठावर वाळलेल्या माळा टाकू नका. पाण्यातली फुलं ओली असतात, पण काठावरची सुकतात आणि ज्योत लागली तर पेटतात. गौरीचा पदर, पडदा दिव्यापासून किमान हातभर लांब हवा. पंख्याच्या झोताखालीही दिवा नको. घरात कोणी नसेल तेव्हा पणत्या विझवूनच बाहेर पडा.

फुलांचं पाणी दुसऱ्या दिवशीच वास मारू लागतं, त्यामुळे रोज बदला. दहा दिवसांचा गणपती असेल तर हे जास्तच गरजेचं आहे. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात.

पितळ चकचकीत कसं ठेवायचं?

लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात पाव तास भिजवा, चमचाभर मीठ घालून त्या कोळाने भांडं घासा. पितळेवरचा काळपट थर आंबटाने सुटतो. पण आंबट आणि मीठ तसंच राहिलं तर भांडं लगेच पुन्हा डागाळतं, हिरवटही पडतं. म्हणून भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. वाऱ्यावर वाळू दिलं तर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके उमटतात.

आतून कल्हई असलेलं भांडं आतून जोरात घासू नका, कल्हई निघते. कल्हई गेलेलं भांडं फुला-दिव्यांना चालेल. त्यात पंचामृत, दही किंवा आंबट प्रसाद मात्र ठेवू नका. आंबटाने तांबं सुटून पदार्थात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. आराशीचं भांडं कोणतं आणि प्रसादाचं कोणतं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

विसर्जनानंतर फुलं खताच्या खड्ड्यात टाका. भांडी घासून, पूर्ण कोरडी करून सुती कापडात गुंडाळून ठेवली, की दिवाळीला पुन्हा फार घासावी लागत नाहीत.