'बॉर्डर' बघताना : कंपनी म्हणजे किती माणसं?

'बॉर्डर' (१९९७) आपल्याकडे संवादांसह पाठ असलेले लोक आहेत. पण सनी देओलने साकारलेले मेजर कुलदीपसिंग चांदपुरी नेमक्या किती जणांचे प्रमुख होते, हे विचारलं की बरेच जण अडखळतात. ते न कळल्यामुळे लोंगेवालाची ती रात्र अर्धीच कळते.

चांदपुरींकडे होती '२३ पंजाब'ची 'ए' कंपनी. पायदळात हिशोब खालून वर जातो. साधारण दहा जवानांचं सेक्शन, त्याचा प्रमुख हवालदार. तीन सेक्शनची एक प्लॅटून. तीन प्लॅटूनची एक रायफल कंपनी, म्हणजे मुख्यालय धरून सुमारे १२० माणसं, आणि तिच्यावर मेजर. अशा चार रायफल कंपन्या आणि जड हत्यारांची आणखी एक तुकडी मिळून बटालियन होते, साधारण आठशे जणांची. तीन बटालियनची ब्रिगेड. लोंगेवालावर पाकिस्तानने आणली ती ब्रिगेड, शिवाय रणगाडे. म्हणजे समोरासमोरची जोडी मुळातच जुळत नव्हती.

मग कंपनीकडे मशीनगन, मॉर्टर आणि जीपवरची रणगाडाविरोधी तोफ कुठून आली? ती बटालियनच्या जड हत्यारांच्या तुकडीतून जोडून दिलेली असते. रायफल कंपनीची स्वतःची ताकद मुख्यतः रायफली आणि हलक्या मशीनगनचीच. तरीही रणगाड्यांचा कणा मोडला तो सकाळी, जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी. रात्रभर ठाणं धरून ठेवणं हे कंपनीचं काम होतं आणि ते तिने केलं.

'रेजिमेंट' हा शब्द मात्र फसवा आहे. पंजाब रेजिमेंट किंवा आपली मराठा लाइट इन्फंट्री एकत्र लढायला जात नाही. ते घराणं आहे: भरती, प्रशिक्षण, परंपरा, घोषणा तिथल्या. लढायला जाते ती बटालियन, म्हणून '२३ पंजाब' म्हणजे पंजाब रेजिमेंटची तेविसावी बटालियन. रणगाडा दलात उलट आहे. तिथे रेजिमेंट हीच लढणारी तुकडी असते.

सगळ्यात जास्त गोंधळ खांद्यावरच्या ताऱ्यांचा. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे आणि सुभेदाराच्याही दोनच! सुभेदाराच्या ताऱ्यांखाली लाल-पिवळी-लाल फीत असते, तीच खूण. सुभेदार हा शिपायापासून वर चढलेला, वीस-बावीस वर्षं सेवा झालेला जेसीओ. लेफ्टनंट वयाने त्याच्या मुलासारखा, पण अधिकाराने वरचा. म्हणून तरुण अधिकारी त्याला 'साहब' म्हणतो आणि सुभेदारही त्याला 'साहब'च म्हणतो. चित्रपटातला नवखा सेकंड लेफ्टनंट धरमवीर आणि मुरलेले सुभेदार यांच्यातलं नातंही असंच. हे नातं अमेरिकी युद्धपटांतल्या सार्जंटवर जसंच्या तसं बसत नाही.

सुनील शेट्टीचा भैरवसिंग सीमा सुरक्षा दलाचा, म्हणजे लष्कराचा नव्हेच. जॅकी श्रॉफचा विंग कमांडर हवाई दलाचा. हा हुद्दा लष्करातल्या लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा, मेजरच्या एक पायरी वर.

पुढच्या वेळी चित्रपट लावाल तेव्हा आधी खांद्याकडे बघा. फीत असेल तर समोर जेसीओ आहे.