कानाच्या दुखण्यात सीटी कधी, एमआरआय कधी?

पेणजवळच्या गडबहून एक अडतीस वर्षांच्या ताई आपल्या जावेबरोबर ओपीडीत आल्या. हातात स्कॅनचा मोठा लिफाफा होता. डावा कान कित्येक वर्षे वाहत होता आणि गेले दोन महिने चालताना मधूनच तोल जात होता. कोणीतरी "एकदा स्कॅन काढून घ्या" म्हणाले, म्हणून त्यांनी मेंदूचा सीटी स्कॅन करून आणला होता. रिपोर्टमध्ये सगळे नॉर्मल होते.

"मेंदूत काही नाही, मग कानातही काही नसेल ना डॉक्टर?" जावेने विचारले.

कानाचा आजार मात्र तसाच होता, कारण त्या स्कॅनमध्ये कान दिसतच नव्हता. (हे उदाहरण अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून बांधले आहे.) असा गैरसमज वारंवार आढळतो. म्हणून कानासाठी कोणता स्कॅन कधी लागतो आणि तो काय दाखवतो, ते या ताईंच्या निमित्ताने समजून घेऊ.

## आधी तपासणी, मग स्कॅन

कान दुखणे, मळ साचणे, बुरशी होणे, सर्दीनंतर दडा बसणे, पडद्याला साधे छिद्र असणे, या तक्रारींसाठी सहसा स्कॅन लागत नाही. दुर्बिणीतून कान पाहणे आणि ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी, एवढ्यावर निदान होते. वयानुसार दोन्ही कानांनी सारखेच कमी ऐकू येऊ लागले असेल, तरी बहुधा श्रवणयंत्राचा विचार करावा लागतो, स्कॅनचा नाही.

ताईंचा कान साफ करून दुर्बिणीतून पाहिला, तेव्हा पडद्याच्या वरच्या भागात आत ओढली गेलेली एक खोलगट पिशवी आणि तिच्यात पांढरे पापुद्रे दिसले. पाणी थोडेच, पण दुर्गंधी खूप. याला कोलेस्टिटोमा म्हणतात. ही कॅन्सरची गाठ नाही. त्वचेचे पापुद्रे चुकीच्या जागी साचत जातात आणि आसपासचे हाड हळूहळू कुरतडतात. ऑडिओमेट्रीत डाव्या कानाची ऐकण्याची पातळी 45 डेसिबलवर गेलेली होती, पण कानाची नस चांगली होती. म्हणजे बिघाड मध्यकर्णात होता.

इथे निदान दुर्बिणीने झाले होते. स्कॅन हवा होता तो वेगळ्या प्रश्नासाठी: हाड किती आणि कुठे खाल्ले गेले आहे?

## हाडासाठी सीटी

कानाचा सीटी म्हणजे 'एचआरसीटी टेम्पोरल बोन'. टेम्पोरल बोन हे कानाभोवतीचे कवटीचे हाड. मेंदूच्या नेहमीच्या सीटीत साधारण 5 मिलिमीटर जाडीचे काप पाहिले जातात. कानातली रिकीब हे हाड मात्र जेमतेम 3 मिलिमीटरचे असते. जाड कापात ते हरवून जाते. एचआरसीटीत काप साधारण अर्ध्या मिलिमीटरचे असतात, म्हणून हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तिन्ही हाडे वेगवेगळी पाहता येतात. ताईंचा पहिला स्कॅन 'नॉर्मल' आला तो यामुळेच. चिठ्ठीवर नुसते 'सीटी' न लिहिता 'एचआरसीटी टेम्पोरल बोन' असे लिहिलेले आहे ना, हे केंद्रावर जाण्यापूर्वी पाहून घ्या.

या तपासणीला काही मिनिटेच लागतात आणि कोलेस्टिटोमासाठी शिरेतून औषध देण्याची सहसा गरज नसते. किरणोत्सर्ग साधारण एक मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. निसर्गातून वर्षभरात आपल्या अंगावर येतो त्यापेक्षा तो कमीच आहे. तरीही विनाकारण पुन्हापुन्हा सीटी करू नये आणि गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगावे.

ताईंच्या एचआरसीटीत चार गोष्टी कळल्या. ऐरणीचा खालचा भाग झडून गेला होता. कमी ऐकू येण्याचे कारण ते होते. कान आणि मेंदू यांच्यामधले हाडाचे छत शाबूत होते. चेहऱ्याच्या नसेवरचे हाडाचे आवरणही ठीक दिसत होते. पण तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड एका जागी अगदी पातळ झाले होते. तोल जाण्याचे कारण तिथे होते. ऑपरेशन करताना त्या जागेवरचा पापुद्रा घाईने ओढला, तर कान कायमचा बहिरा होऊ शकतो. हे आधी कळल्यामुळे सर्जन ती जागा शेवटी आणि जपून हाताळतो. ऑपरेशनपूर्वीचा सीटी हा असा नकाशा असतो.

## सीटीला काय कळत नाही

सीटीत हवा काळी आणि हाड पांढरे दिसते. या दोहोंमधले सगळे जवळपास एकाच राखाडी रंगात येते. साचलेले पाणी, सुजलेले अस्तर, पू आणि कोलेस्टिटोमा यांतला फरक नुसत्या सीटीवरून खात्रीने सांगता येत नाही. हाड खाल्लेले दिसले तर संशय बळावतो, एवढेच.

ऑपरेशननंतर ही अडचण मोठी होते. आतली हाडे काढलेली किंवा बदललेली असतात आणि पोकळीत जखम भरतानाचे ऊतक असते. सीटीत राखाडी भाग दिसला, तर तो व्रण आहे की आजार उलटला आहे, हे ठरत नाही. पूर्वी यासाठी वर्षभराने कान पुन्हा उघडून पाहावा लागे. आता बऱ्याच रुग्णांमध्ये एमआरआय ते काम करतो.

## मऊ भागासाठी एमआरआय

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबकाच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्याचा संकेत टिपला जातो. म्हणून मऊ ऊतक, द्रव आणि नसा यांतले फरक त्यात उठून दिसतात. हाड आणि हवा मात्र दोन्ही काळी दिसतात. त्यामुळे ऐरण झडली आहे का, हा प्रश्न एमआरआयला विचारून उपयोग नाही.

कोलेस्टिटोमासाठी 'डिफ्यूजन' नावाची खास पद्धत वापरतात, आणि कानासाठी तिचा 'नॉन-ईपीआय' प्रकार हवा. साध्या डिफ्यूजनमध्ये हवा आणि हाडाच्या सीमेवर चित्र विस्कटते आणि लहान गाठ लपते. नॉन-ईपीआयमध्ये पापुद्र्यांचा साठा पांढराशुभ्र चमकतो, तर व्रण किंवा पाणी सहसा तसे चमकत नाही.

ताईंचे ऑपरेशन झाले, तोल सावरला. वर्षभराने कान कोरडा होता, पडदाही छान दिसत होता. तरीही हा एमआरआय केला. पडद्यामागे 4 मिलिमीटरचा एक पांढरा ठिपका दिसला. बाहेरून तो कोणालाच दिसला नसता. लहान असतानाच तो काढला आणि त्याच वेळी ऐकण्याची हाडेही जोडली.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. सुमारे 3 मिलिमीटरहून लहान साठा तिच्यात निसटू शकतो, म्हणून एक अहवाल चांगला आला तरी पुढे पुन्हा तपासणी ठरवली जाते. उलट, कानातला मळ किंवा पू चमकून खोटी भीती निर्माण होऊ शकते. म्हणून स्कॅनआधी कान साफ करून घ्यावा.

## नसेसाठीही एमआरआय

ताईंसोबत पुढच्या वेळी त्यांचे दीर आले. वय बावन्न, बरीच वर्षे यंत्रांच्या आवाजात काम. उजव्या कानाने कमी ऐकू येत होते आणि सतत 'सूं' आवाज येत होता. "आवाजानेच झालं असेल," असे घरचे म्हणत होते. पण यंत्रांच्या आवाजाचा त्रास साधारणपणे दोन्ही कानांना होतो. ऑडिओमेट्रीत त्यांचा डावा कान जवळपास ठीक आणि उजव्या कानाची नस कमजोर निघाली.

नसेच्या ऐकण्यात दोन्ही कानांत साधारण 15 डेसिबल किंवा जास्त फरक असेल, किंवा आवाज एकाच कानात येत असेल, तर ऐकण्याच्या नसेचा एमआरआय करतात. सीटी इथे कमी पडतो, कारण नस ज्या हाडाच्या बोगद्यातून मेंदूकडे जाते तो बोगदा सीटीत दिसतो, आतली नस दिसत नाही. एमआरआयमध्ये नसेभोवतीचा द्रव पांढरा आणि त्यात नसा काळ्या धाग्यांसारख्या दिसतात. शोध असतो तो नसेवरच्या गाठीचा, अकूस्टिक न्यूरोमाचा. अशा शंभर रुग्णांत जेमतेम दोन-चारांना ती सापडते. ती कॅन्सरची नसते, सहसा हळू वाढते आणि लहान असेल तर पुष्कळदा फक्त ठरावीक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवले जाते. दीरांचा एमआरआय नॉर्मल आला आणि त्यांना श्रवणयंत्र दिले.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कधी 'मॅस्टॉइडमध्ये द्रव' किंवा 'मॅस्टॉइडायटिस' असे लिहिलेले असते आणि घरचे घाबरतात. कान दुखत नसेल, ताप नसेल आणि पडदा ठीक असेल, तर तो बहुतेक वेळा सर्दीचा उरलेला द्रव असतो. कान तपासून घ्या, पण नुसत्या त्या ओळीवरून औषधे सुरू करू नका.

## दोन्ही स्कॅन कधी लागतात

जन्मतः बहिऱ्या मुलाचे कॉक्लियर इम्प्लांट ठरते, तेव्हा बहुतेक ठिकाणी दोन्ही करतात. सीटीत आतल्या कानाचा शंख नीट घडला आहे का, ते दिसते. एमआरआयमध्ये शंखात द्रव आहे का आणि ऐकण्याची नस मुळात आहे का, ते कळते. नसच नसेल, तर इम्प्लांटचा उपयोग फार मर्यादित राहतो. लहान मुले स्थिर पडून राहत नाहीत, म्हणून त्यांना झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते.

## एमआरआयला जाताना

तपासणी साधारण अर्धा तास चालते आणि यंत्राचा ठकठक आवाज मोठा असतो. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, ते नक्की मागा. मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना आणि श्रवणयंत्र बाहेर ठेवा. पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट किंवा कानात बसवलेले कृत्रिम हाड असेल, तर त्याचे कार्ड दाखवल्याशिवाय आत जाऊ नका. शिरेतून औषध द्यायचे असेल तर मूत्रपिंडाचा आजार आधी सांगा.

## थांबू नका

वाहणाऱ्या कानासोबत कानामागे सूज, ताप, तोंड वाकडे होणे, जोराची चक्कर, किंवा तीव्र डोकेदुखी आणि उलट्या असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. अशा वेळी स्कॅनही तातडीने होतो.

एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर क्रम उलटा असतो. आधी ऑडिओमेट्री आणि औषध, एमआरआय नंतर. या आजारात स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू येण्याची आशा जास्त असते. स्कॅनची तारीख मिळेपर्यंत वाट पाहण्यात तेच दिवस निघून जातात.