घरगुती बेकरीच्या ऑर्डरची नोंद: ॲडव्हान्स, बाकी आणि डिलिव्हरीचा हिशोब कसा ठेवायचा?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातलं रेल्वेलगतचं बाजारपेठेचं गाव. अशा गावात घरून केक करून देणाऱ्या बाईचं बहुतेक गिऱ्हाईक ओळखीचं असतं. ऑर्डर फोनवर येते, पैसे थोडे आज आणि थोडे नंतर मिळतात, आणि 'माल विकला की देतो' हे वाक्य इथे कुणाला नवीन नाही. सहा-सात ऑर्डरपर्यंत हे सगळं डोक्यात राहतं. लग्नसराईत किंवा नाताळच्या आठवड्यात एकदम वीस ऑर्डर आल्या, की कुणाचे किती आले आणि किती राहिले यात गोंधळ सुरू होतो.

केकच्या धंद्यात हा गोंधळ जास्त महाग पडतो. 'हॅपी बर्थडे' खाली नाव लिहिलेला केक गिऱ्हाइकाने नेला नाही, तर तो दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणून ॲडव्हान्स हा फक्त विश्वासाचा मामला नसून कच्च्या मालाचं संरक्षण आहे. निदान क्रीम, चॉकलेट, बोर्ड आणि डबा यांचा खर्च निघेल एवढी रक्कम हातात आल्याशिवाय ऑर्डर पक्की धरू नये. हे पाळायचं तर नोंद नीट हवी. मोबाइलवरच्या गुगल शीट्समध्ये ती कशी मांडायची, ते पाहू.

एक ओळ म्हणजे एक डिलिव्हरी

नवीन शीट उघडून पहिल्या पानाला 'ऑर्डर' असं नाव द्या. पहिल्या ओळीत, A पासून H पर्यंत, हे आठ रकाने करा: ऑर्डर क्रमांक, ग्राहक, वस्तू, डिलिव्हरी तारीख, एकूण रक्कम, मिळालेले, बाकी, स्थिती.

क्रमांक प्रत्येक ऑर्डरला वेगळा हवा, कारण एकाच घरातून महिन्यात दोन केक जाऊ शकतात आणि नावावरून ते वेगळे ओळखू येत नाहीत. एकाच वेळी जाणाऱ्या वस्तू एका ओळीत लिहा. पण शनिवारी हळदीला कपकेक आणि रविवारी लग्नाला केक असेल, तर त्या दोन ओळी करा. नाहीतर अर्धी ऑर्डर पोहोचल्यावर स्थितीच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न उरतो.

पैसे वेगळ्या पानावर

बहुतेकांची चूक इथे होते. वहीत 'ॲडव्हान्स ५००' लिहिलेलं असतं. नंतर आणखी ४०० आले की ५०० खोडून ९०० केले जातात. दहा दिवसांनी गिऱ्हाईक म्हणतं, 'मी हजार दिले होते'. ते नऊशे कधी, किती वेळा आणि कुणाच्या हातात आले, हे तेव्हा सांगता येत नाही.

म्हणून दुसरं पान करा आणि त्याला 'जमा' नाव द्या. त्यात A मध्ये तारीख, B मध्ये ऑर्डर क्रमांक, C मध्ये रक्कम, D मध्ये रोख की यूपीआय, आणि E मध्ये पैसे कुणी घेतले ते लिहा. पैसे आले की नवी ओळ, जुनी ओळ कधीच खोडायची नाही. यूपीआयने आले असतील तर व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांकही शेजारी लिहून ठेवा. वाद झाला तर दोघांच्या फोनवर तोच क्रमांक दिसतो.

आता 'ऑर्डर' पानावर मिळालेले आणि बाकी हे दोन रकाने हाताने भरायचेच नाहीत. दुसऱ्या ओळीत F आणि G मध्ये अनुक्रमे ही सूत्रं टाका आणि खाली ओढा:

```
=SUMIF('जमा'!B:B,A2,'जमा'!C:C)
=E2-F2
```

पहिलं सूत्र 'जमा' पानावर त्या क्रमांकाच्या सगळ्या रकमा शोधून बेरीज करतं. दुसरं एकूण रकमेतून ती बेरीज वजा करतं.

एक उदाहरण घेऊ. यातले भाव समजण्यापुरते आहेत. ऑर्डर ११४, डिलिव्हरी रविवार १४ डिसेंबर २०२५. दीड किलो चॉकलेट केक ७०० रुपये किलोने १,०५० रुपये आणि बारा कपकेक ४८० रुपये, म्हणजे एकूण १,५३० रुपये. २ तारखेला यूपीआयने ५०० आले. बाकीच्या रकान्यात आपोआप १,०३० दिसतात.

१० तारखेला फोन येतो: पाहुणे वाढले, केक दोन किलोचा करा. केकचे आता १,४०० झाले, एकूण १,८८०. फक्त E रकान्यातला आकडा बदलायचा. त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक घरी येऊन ४०० रोख देतं आणि ते सासूबाई घेतात. 'जमा' पानावर नवी ओळ पडते. मिळालेले ९०० आणि बाकी ९८० हे शीट स्वतः सांगतं. बदललेली ऑर्डर आणि दोन हातांनी घेतलेले पैसे, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. हे चालण्यासाठी घरातल्या सगळ्यांना एकच सवय लागायला हवी: पैसे घेताना ऑर्डरचा क्रमांक विचारायचा.

तारीख कुठे फसते

शीट मोबाइलवर वापरलं तरी एक काम एकदाच संगणकावर करून घ्या. `File > Settings` मध्ये `Locale` हे `India` आहे का आणि वेळ भारताची आहे का, ते बघा. तिथे `United States` असेल तर शीट आधी महिना आणि मग दिवस असं वाचतं. तुम्ही ८ जानेवारीसाठी 8/1/2026 टाकलंत, तर ते १ ऑगस्ट समजतं. कुठेही चूक दाखवली जात नाही, ऑर्डर फक्त पुढच्या सात महिन्यांत कुठे दिसत नाही.

तपासण्यासाठी रिकाम्या घरात 25/12/2025 टाइप करा. ते उजव्या कडेला सरकलं तर शीटला ती तारीख कळली. डाव्या कडेलाच राहिलं तर शीट त्याला नुसता मजकूर समजतंय. हीच परीक्षा रकमेलाही लावा. 'रु. ५००' किंवा '५०० दिले' असं लिहिलं तर तो मजकूर होतो आणि बेरजेत येत नाही. मराठी कीबोर्डवरून आकडे टाकत असाल तर ते उजवीकडे जातात का, हे आधी पाहा. जात नसतील तर इंग्रजी आकडे वापरा.

स्थितीत पैसे आणू नका

स्थितीच्या रकान्यात `Insert > Dropdown` वापरून पाचच पर्याय ठेवा: विचारणा, पक्की, तयार, दिली, रद्द. हाताने लिहिलं की कधी 'दिली', कधी 'दिला', कधी 'डिलिव्हर्ड' होतं, आणि शीटच्या लेखी ते तीन वेगळे शब्द असतात.

'पैसे बाकी' किंवा 'पूर्ण' असे पर्याय यात घालू नका. केक पोहोचला का आणि पैसे आले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर बाकीचा रकाना देतोच. एका रकान्यात दोन्ही कोंबले, तर केक दिला पण ९८० राहिले, ही ऑर्डर 'दिली' म्हणून नजरेआड होते. ॲडव्हान्स आला की मगच विचारणा बदलून पक्की करायची, एवढाच पैशाचा आणि स्थितीचा संबंध.

दोन याद्या

आता तिसरं पान करा, नाव 'याद्या'. त्याच्या A1 मध्ये हे सूत्र टाका:

```
=IFERROR(SORT(FILTER('ऑर्डर'!A2:H,
'ऑर्डर'!A2:A<>"",'ऑर्डर'!D2:D<=TODAY()+2,
'ऑर्डर'!H2:H<>"दिली",'ऑर्डर'!H2:H<>"रद्द"),
4,TRUE),"काही नाही")
```

ही कामाची यादी. आज, उद्या आणि परवाच्या ऑर्डर तारखेप्रमाणे दिसतात. परवापर्यंत पाहायचं कारण असं, की कोमट स्पंजवर क्रीम वितळतं, म्हणून तो आदल्या दिवशी भाजून पूर्ण गार करावा लागतो. आणि त्याचं सामान त्याच्याही आधी घरात हवं, कारण एखादी वस्तू गावात मिळाली नाही तर शहरातून आणायला एक दिवस जातो. मागची तारीख या सूत्रात मुद्दाम वगळलेली नाही. त्यामुळे तारीख उलटून गेलेली पण 'दिली' न झालेली ऑर्डर यादीच्या डोक्यावर अडून बसते. तारखेच्या जागी 46005 असा आकडा दिसला तर घाबरू नका, त्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्या.

दुसरी यादी उधारीची. ती त्याच पानावर J1 मध्ये टाका:

```
=IFERROR(FILTER('ऑर्डर'!A2:H,
'ऑर्डर'!H2:H="दिली",'ऑर्डर'!G2:G>0),"उधारी नाही")
```

केक गेला आणि पैसे राहिले, अशाच ऑर्डर इथे येतात. ११४ चा केक रविवारी पोहोचला, पण ९८० मिळाले नाहीत, तर 'दिली' निवडताच ती या यादीत येते. पैसे 'जमा' पानावर लिहिले की आपोआप निघून जाते. 'माल विकला की देतो' म्हणणाऱ्यांसाठी 'ऑर्डर' पानाच्या I रकान्यात कबूल केलेली तारीख लिहून ठेवली, तर विचारायला संकोच वाटत नाही. तारीख त्यांनीच दिलेली असते.

ऑर्डर रद्द झाली तर

ओळ पुसू नका. समजा ११४ ही १२ तारखेला रद्द झाली. सामान आणलेलं होतं, म्हणून तुम्ही ५०० ठेवून ४०० परत केले. 'जमा' पानावर -400 ची नवी ओळ टाका, 'ऑर्डर' पानावर एकूण रक्कम ५०० करा आणि स्थिती रद्द. मिळालेले ५००, बाकी शून्य, आणि परत केलेल्या पैशांची तारीखही राहिली. रद्द झाल्यास किती ठेवणार, हे मात्र ॲडव्हान्स घेतानाच संदेशात लिहून कळवलेलं असावं. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

हे शीट काय सांगत नाही

बाकी शून्य झाली म्हणजे नफा झाला असं नाही. मैदा, क्रीम, गॅस आणि तुमचा वेळ यांचा हिशोब इथे नाही. दुसरं, 'पक्की' आणि 'तयार' ऑर्डरींचा मिळालेला ॲडव्हान्स तुमच्या हातात असला तरी तो अजून तुमचा झालेला नाही. त्या रकमेचे केक देणं बाकी आहे. नाताळच्या आठवड्यात खात्यात दहा हजार दिसले आणि त्यातले सहा हजार न दिलेल्या केकचे असले, तर नवा ओव्हन घेण्याआधी फक्त चार हजारच मोजायचे.