चक्रीवादळांची नावे : यादी, क्रम आणि निवृत्ती

ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वादळाला नाव नव्हते. आजही त्याचा उल्लेख करताना राज्य आणि वर्ष सांगावे लागते. याउलट ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकलेले वादळ कोकणात केवळ ‘निसर्ग’ एवढ्या एका शब्दाने ओळखले जाते. हे नाव कोठून आले, हे प्रथम पाहू.

‘निसर्ग’ हा शब्द आपल्याला मराठी वाटतो. प्रत्यक्षात ते नाव बांगलादेशाने सुचवलेले आहे. संस्कृतातून आलेले असे शब्द दोन्ही भाषांत असतात. बांगलादेशाचेच पुढचे नाव ‘बिपरजॉय’ हे होते. त्यामागे आपला ‘विपर्यय’ आहे, फक्त बंगालीत त्याचा अर्थ ‘आपत्ती’ असा झाला आहे.

उत्तर हिंदी महासागरातील, म्हणजे अरबी समुद्र व बंगालचा उपसागर येथील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. आठ देशांनी प्रत्येकी आठ नावे दिली आणि ६४ नावांची यादी तयार झाली. पुढे सदस्य देश तेरा झाले. एप्रिल २०२० मध्ये प्रत्येकी तेरा, अशा १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली. नाव लहान असावे, उच्चारास सोपे असावे, ते कोणाच्या धर्माला, राजकारणाला वा भावनेला धक्का देणारे नसावे, असे संकेत आहेत.

या यादीत देशांचा क्रम इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेला आहे : बांगलादेश, भारत, इराण, मालदीव असा तो येमेनपर्यंत जातो. जुन्या यादीतील शेवटचे नाव ‘अम्फान’ मे २०२० मध्ये वापरले गेले. त्यानंतरचे वादळ ‘निसर्ग’, मग भारताचे ‘गती’, इराणचे ‘निवार’. येमेनचे ‘मोचा’ झाल्यावर पुन्हा बांगलादेशाची पाळी आली आणि ‘बिपरजॉय’ हे नाव लागले. वादळ कोणत्या देशाकडे निघाले आहे, याचा नावाशी संबंध नसतो. दोन्ही समुद्रांसाठी यादी एकच असते, आणि ते सोयीचेही आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘लुबान’ व उपसागरात ‘तितली’ ही वादळे एकाच वेळी होती. नावे नसती तर कोणता इशारा कोणत्या वादळाचा, हे मच्छीमारांना ओळखणे कठीण गेले असते.

वाऱ्याचा स्थिर वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोहोचला की भारतीय हवामान विभागाचे नवी दिल्लीतील प्रादेशिक केंद्र यादीतील पुढचे नाव देते. म्हणून नाव हे नुकसानीचे माप नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातेत पूर आणणारी प्रणाली तेव्हा निनावी होती. ती कच्छ ओलांडून समुद्रावर गेल्यावर तिला ‘असना’ हे नाव मिळाले, आणि मग ती समुद्रातच विरली.

आता ‘निवृत्ती’कडे वळू. अटलांटिक महासागरात सहा याद्या आहेत. प्रत्येकीत २१ नावे. दरवर्षी एक यादी वापरतात आणि सातव्या वर्षी पहिली परत येते. त्यामुळे तेथे प्रश्न उभा राहतो : हजाराहून अधिक बळी घेतलेल्या वादळाचे नाव सहा वर्षांनी पुन्हा बातम्यांत ऐकू यावे काय? ज्यांनी माणसे गमावली त्यांच्यासाठी ते क्रूर ठरेल. शिवाय विम्याचे दावे, न्यायालयीन कागद आणि संशोधन यांत दोन वादळांची गल्लत होईल. म्हणून जागतिक हवामान संघटनेची प्रादेशिक समिती आपल्या वार्षिक बैठकीत सदस्य देशांच्या विनंतीवरून असे नाव काढून टाकते व त्याच आद्याक्षराचे नवे नाव बसवते. २००५ चे ‘कॅटरिना’ असेच निवृत्त झाले. २०११ मध्ये त्या जागी ‘कॅटिया’ आले. एकट्या २००५ च्या यादीतून पाच नावे गळाली.

ही निवृत्ती सुरुवातीला कायमची नव्हती. १९५४ च्या ‘कॅरोल’नंतर ते नाव काही वर्षे बाजूला ठेवले गेले, पण १९६५ मध्ये पुन्हा वापरण्यात आले. नंतर मात्र ते कायमचे बंद झाले.

आपल्याकडे असा निर्णय घ्यावाच लागत नाही, कारण येथील यादी फिरत नाही. प्रत्येक नाव एकदाच वापरायचे, हा नियम आहे. पश्चिम बंगाल उद्ध्वस्त करणारे ‘अम्फान’ आणि समुद्रात विरलेले ‘असना’ दोन्ही सारखीच यादीबाहेर जातात. याची किंमत म्हणजे नावे संपतात. पहिली ६४ नावे सुमारे सोळा वर्षांत, म्हणजे वर्षाला चार या गतीने संपली. त्याच गतीने १६९ नावे साधारण चाळीस वर्षे पुरतील. त्यानंतर तेरा देशांना नवे शब्द शोधावे लागतील.