शिशाचे कवच आणि गंजाचा दाब

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात शिसे ओतल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात दगड सांधणाऱ्या लोखंडी पकडींभोवती प्राचीन कारागिरांनीही शिसे ओतले होते, ओल रोखण्यासाठी. विसाव्या शतकारंभीच्या दुरुस्तीत मात्र शिशाविना लोखंड बसविले गेले आणि संगमरवर फुटला. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो; खाचेत वाव नसल्याने दगडालाच चीर जाते. किनाऱ्यावरील खारट हवेत हे लवकर घडते.

सांध्यापाशी तांबूस डाग व सुटलेली कड दिसली, की वरून सिमेंट लिंपणे व्यर्थ. आत गंज वाढतच राहतो. पकड काढून टायटॅनियमची बसवावी, तसे पार्थेनॉनवर केले गेले. समुद्री हवेत टिकणारे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील स्वस्त पडते. काढताना दगडच तुटणार असेल, तर सौम्य विद्युत्प्रवाह देऊन गंज थोपवितात. पडलेली चीर मात्र त्याने सांधत नाही.