वडिलांच्या विम्याचा दावा: आधी कोणते कागद?

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विमेदाराची मुलगी फोनवर म्हणाली, "काका, बाबा गेले. विम्याचं काही कळत नाही हो. आई तर बोलतच नाही." फोनवर सांगितलेलं दुःखात लक्षात राहत नाही, म्हणून मी तिला रात्री ई-मेल लिहिली. त्यातलंच आज तुम्हाला सांगतो.

पहिल्या यादीत पाचच गोष्टी लिहिल्या: मूळ पॉलिसीचा बॉण्ड, महापालिकेचा मृत्यूचा दाखला, भरलेला दाव्याचा फॉर्म, वारस म्हणून नाव असलेल्या आईचं ओळखपत्र आणि आईच्याच नावाच्या खात्याचा रद्द केलेला चेक. मुलाचं खातं चालत नाही, कारण पैसे नॉमिनीच्याच खात्यात जमा होतात. बॉण्ड सापडला नाही तर घाबरू नये; हमीपत्र लिहून देता येतं.

मग मी विचारलं, "पॉलिसी मध्ये कधी बंद पडली होती का?" ती म्हणाली, "हो, हप्ते थकले होते. दीड वर्षापूर्वी बाबांनी पुन्हा चालू करून घेतली." इथेच खरी गोम आहे. पॉलिसी २०१२ ची असली तरी विमा कायद्याच्या ४५ व्या कलमातली तीन वर्षं अशा वेळी पुन्हा चालू केल्याच्या तारखेपासून मोजतात. तीन वर्षं उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. त्याआधी मात्र प्रकृतीची माहिती लपवली होती का, हे ती तपासू शकते.

म्हणून दुसरी यादी दिली: शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र, रुग्णालयाचे कागद, अंत्यसंस्काराला हजर असलेल्या व्यक्तीचा दाखला आणि नोकरीच्या ठिकाणचं रजेचं प्रमाणपत्र. मृत्यू अपघाती असता तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवालही लागला असता. तिला बजावलं, "जुना आजार असेल तर कागद काढून ठेवू नकोस. रुग्णालयाकडून ते कंपनी मागवतेच, आणि मग आपल्यावरच संशय येतो."

शेवटची सूचना नावाची. पॉलिसीवर वडिलांचं पूर्ण नाव होतं, मृत्यूच्या दाखल्यावर घरगुती. अशा वेळी निबंधकाकडे पुरावे देऊन दाखल्यातली नोंद आधी दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर दावा तिथेच अडकतो.

सगळे कागद एकदम द्यावेत आणि पोच घ्यावी. २०२४ च्या नियमानुसार चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत, चौकशी झाली तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. ती पोच जपून ठेवा. दिवस मोजायला तीच कामी येते.