‘ने’ कुठे लागतो?

शब्दकोशात ‘फुटणे’पुढे अ.क्रि. असते, ‘फोडणे’पुढे स.क्रि. ही अक्षरे आपण ओलांडून थेट अर्थाकडे जातो आणि वाक्य तिथेच फसते.

फुटणे अकर्मक. त्याला कर्म लागत नाही, म्हणून भूतकाळात कर्त्याला ‘ने’ही लागत नाही: नारळ फुटला, बरणी फुटली. फोडणे सकर्मक: तिने नारळ फोडला. आता नारळाऐवजी बरणी ठेवून पाहा. तिने बरणी फोडली. फोडणारी तीच, पण क्रियापद बदलले, कारण ते आता कर्त्याचे ऐकत नाही, कर्माचे ऐकते. म्हणून ‘तिने नारळ फुटला’ चूक आणि ‘ती नारळ फोडली’ही चूक.

‘उघडणे’ दोन्हीकडचे: वाऱ्याने धक्का दिला आणि दार उघडले, तिने दार उघडले. असे क्रियापद उभयविध.

खरी खोच ‘विसरणे’ आणि ‘शिकणे’ यांत आहे. दोन्ही सकर्मक, तरी ‘ने’ नाकारतात. सीमा छत्री विसरली, रमेश छत्री विसरला. ‘रमेशने छत्री विसरली’ असे सर्रास ऐकू येते, पण प्रमाण मराठीत ते बसत नाही. म्हणजे इथे नुसती खूण पुरत नाही. कोशाने सोबत भूतकाळातले एक वाक्यही द्यायला हवे.